प्रॉम्प्ट एकच, चित्रे निरनिराळी

चित्र काढून देणाऱ्या जनरेटरला जे वाक्य लिहून दिले जाते त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. एकच प्रॉम्प्ट, एका अक्षराचाही फरक न करता, स्टेबल डिफ्यूजन, मिडजर्नी, फ्लक्स आणि चॅटजीपीटी या चौघांना दिला तर चार निराळी चित्रे हाती येतात. नवख्या माणसाला वाटते की यांतले एक बरोबर असेल आणि बाकीची चुकली असतील. प्रत्यक्षात वाक्य सारखे असले तरी ते वाचण्याची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ज्या चित्रांवरून शिक्षण झाले ती वेगळी असतात, आणि पुष्कळदा जनरेटरच्या आतल्या मॉडेलपर्यंत पोहोचते ते वाक्य मूळचे राहिलेलेच नसते.

हे नीट कळण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालणे सोयीचे आहे. बहुतेक मॉडेलांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असल्यामुळे प्रॉम्प्टही इंग्रजीत घेतला आहे:

```
a woman in a green nauvari sari selling orange marigolds beside a red bicycle, early morning
```

हिरवी नऊवारी नेसलेली बाई लाल सायकलीशेजारी केशरी झेंडू विकते आहे, वेळ पहाटेची, एवढेच यात सांगितले आहे. बाई तरुण आहे की म्हातारी, ती बसली आहे की उभी, मागे देऊळ आहे की बाजाराची गल्ली, चित्र फोटोसारखे हवे की रंगवलेले, बाई जवळून दिसावी की लांबून, यांतले काहीच सांगितलेले नाही. शब्द आहेत सोळा आणि भरायचे आहेत 1024 × 1024 मापाच्या चित्रातले दहा लाखांहून अधिक ठिपके. न सांगितलेल्या गोष्टीही चित्रात कशा ना कशा दाखवाव्याच लागतात, कारण वय नसलेली बाई किंवा जागा नसलेली सायकल काढता येत नाही. हा सगळा भाग प्रत्येक जनरेटर आपापल्या शिदोरीतून भरतो.

आजच्या बहुतेक जनरेटरांची मूळ पद्धत डिफ्यूजनची आहे. तिची सुरुवात कोऱ्या कॅनव्हासने होत नाही, निव्वळ खरखरीने होते. जुन्या टीव्हीवर चॅनेल न लागल्यावर जे मुंग्यांसारखे ठिपके दिसत, तसा हा आकड्यांचा गोंधळ असतो. मॉडेल त्यातून थोडी थोडी खरखर काढून टाकते आणि वीस-तीस पायऱ्यांत चित्र स्पष्ट होत जाते. प्रत्येक पायरीवर कुठली खरखर काढायची हे ठरवताना मॉडेलला प्रॉम्प्टचा आधार असतो. मात्र मॉडेलला शब्द वाचता येत नाहीत, आकडे वाचता येतात. त्यामुळे वाक्याचे आकड्यांत रूपांतर करणारा एक स्वतंत्र भाग आधी काम करतो. त्याला टेक्स्ट एन्कोडर म्हणतात. चित्रांमधला पहिला आणि कदाचित सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

2022 च्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे वाक्य वाचण्यासाठी ओपनएआयने 2021 मध्ये तयार केलेले क्लिप नावाचे मॉडेल वापरत असे. क्लिपचे शिक्षण इंटरनेटवरच्या 40 कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर झाले होते आणि त्याला काम दिले होते ते जुळणीचे. समोरच्या ढिगातून कुठले चित्र कुठल्या वाक्याचे आहे एवढे त्याने ओळखायचे. या कामासाठी वाक्यातले व्याकरण फारसे लागत नाही. चित्रात बाई, साडी, फुले, सायकल आणि हिरवा, केशरी, लाल हे रंग दिसले की जोडी लागते. कुठला रंग कुठल्या वस्तूचा हे तपासण्याची वेळच सहसा येत नाही, कारण बाकी सगळे शब्द तसेच ठेवून नुसती रंगांची अदलाबदल केलेले दुसरे चित्र त्या ढिगात क्वचितच असते. म्हणून क्लिपकडून येणाऱ्या आकड्यांत शब्द असतात, पण त्यांची आपसातली बांधणी सैल असते. आपल्या प्रॉम्प्टवर याचा परिणाम थेट दिसतो. साडी लाल होते, सायकल हिरवी होते किंवा साडीच्या काठावर झेंडूचा केशरी रंग उतरतो. रंग एका वस्तूवरून दुसरीवर सांडण्याचा हा दोष जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये इतका नेहमीचा आहे की त्यावरूनच एन्कोडर कुठल्या जातीचा आहे याचा अंदाज बांधता येतो.

गूगलने मे 2022 मध्ये इमॅजेन या मॉडेलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला तेव्हा वेगळा मार्ग धरला होता. वाक्य वाचण्यासाठी त्यांनी टी-फाइव्ह हे निव्वळ मजकुरावर शिकलेले मोठे भाषा-मॉडेल घेतले. वाक्यातले गाळलेले शब्द भरण्याचा सराव त्याने केलेला असल्यामुळे कुठले विशेषण कुठल्या नामाला लागते हे त्याला अधिक चांगले उमगते. चित्र काढणारा भाग मोठा करण्यापेक्षा वाक्य वाचणारा भाग मोठा केला तर सुधारणा अधिक होते, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. पुढे 2024 मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजन 3 आणि फ्लक्स या मॉडेलांनी क्लिपच्या जोडीला टी-फाइव्हही घेतले. त्यामुळे तोच प्रॉम्प्ट फ्लक्सला दिला तर हिरवी साडी, केशरी झेंडू आणि लाल सायकल आपापल्या जागी राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दोन्ही चित्रांतला हा फरक कलात्मक नाही, तो वाचण्यातला आहे.

क्लिपला आणखी एक मर्यादा आहे. ते शब्दांचे टोकन नावाचे तुकडे पाडते आणि एका वेळी 77 टोकनच घेते. त्यांतले दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात खर्च होतात. लांबलचक प्रॉम्प्टचा शेवटचा भाग जिथे गळून पडतो तिथे चित्रातून त्या गोष्टी गायब होतात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. काही सॉफ्टवेअर लांब प्रॉम्प्टचे आपणहून भाग पाडून ते जोडतात, काही उरलेला मजकूर सरळ टाकून देतात. मॉडेल एकच असूनही दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळे चित्र येण्याचे हे एक साधे कारण आहे.

इथे मराठी प्रॉम्प्टचाही प्रश्न येतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटांत साठवले जाते. ‘स्त्री’ या एका शब्दात जोडाक्षरांतले हलन्त आणि वेलांटी धरून सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट होतात. क्लिपचा टोकनकोश मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनलेला असल्यामुळे देवनागरी मजकुराचा त्यात बारीक भुगा होतो आणि 77 ची मर्यादा लवकर संपते. शिवाय त्या भुग्याला अर्थ चिकटावा इतकी मराठी वाक्ये त्याने पाहिलेलीच नसतात. फ्लक्समध्ये वापरलेल्या टी-फाइव्हचा टोकनकोश इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि रुमानियन या भाषांवरून तयार झाला आहे. तिथे देवनागरी अक्षरे अनोळखी म्हणून बाजूला पडतात. याउलट चॅटजीपीटीसारख्या ठिकाणी प्रॉम्प्ट आधी मराठी समजणाऱ्या भाषा-मॉडेलच्या हाती पडतो, म्हणून तोच मराठी मजकूर तिथे चालतो. मराठीत लिहिलेल्या प्रॉम्प्टला एका जनरेटरने नेमके उत्तर द्यावे आणि दुसऱ्याने भलतेच काहीतरी काढून ठेवावे, यामागे बहुधा हेच असते.

वाचण्यानंतर येते ते शिक्षण. मॉडेलने कुठली चित्रे पाहिली यापेक्षाही त्या चित्रांखाली काय लिहिले होते हे अधिक महत्त्वाचे ठरते. पहिल्या स्टेबल डिफ्यूजनचे शिक्षण लायन-5बी या संग्रहाच्या भागांवर झाले. 2022 मध्ये जाहीर झालेल्या या संग्रहात 585 कोटी चित्र-मजकूर जोड्यांचे दुवे होते आणि त्यांतला मजकूर वेबपानांवरच्या `alt` या खुणेतून उचललेला होता. चित्र दिसले नाही तर त्याच्या जागी दाखवायचा मजकूर या खुणेत लिहितात. तो लिहिणाऱ्याचा हेतू चित्राचे वर्णन करण्याचा असतोच असे नाही. साड्या विकणाऱ्या संकेतस्थळावर तिथे मालाचे नाव, कापडाचा प्रकार, कधी किंमत असते. वृत्तपत्राच्या पानावर सणाचे नाव असते, पण बाईने साडी कशी नेसली आहे, पदर कुठे आहे, कासोटा मागे खोचला आहे की नाही, हे कोणी लिहीत नाही. परिणामी `sari` म्हटले की गोल नेसलेली पाचवारी, असा ठसा मॉडेलमध्ये पक्का होतो. `nauvari` हा शब्द इंग्रजी मजकुरात विरळ येतो, टोकनकोशात तो अखंड असण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि तुकडे झाल्यावर त्याला धरून राहणारा अर्थही पातळ असतो. म्हणून ‘नऊवारी’ लिहूनही चित्रात पाचवारी येते. शब्द वाचलेला असतो, पण त्याच्या मागे दाखवण्याजोगे काही नसते.

ओपनएआयने डॅल-ई 3 तयार करताना नेमका हाच दुबळा दुवा पकडला. 2023 मध्ये या मॉडेलसोबत प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की चित्रांखालचा मूळ मजकूर बाजूला ठेवून एका वेगळ्या मॉडेलकडून प्रत्येक चित्राचे सविस्तर वर्णन नव्याने लिहून घेतले, आणि शिक्षणात 95 टक्के वर्णने अशी यंत्राने लिहिलेली व 5 टक्के मूळची वापरली. या वर्णनांत वस्तू कुठे आहे, कुठल्या रंगाची आहे, मागे काय दिसते, सगळे पूर्ण वाक्यांत आलेले होते. त्यामुळे डॅल-ई 3 सूचना बारकाईने पाळू लागले. पण त्याची दुसरी बाजूही आहे. लांब वर्णनांवर शिकलेल्या मॉडेलला आखूड प्रॉम्प्ट परका वाटतो, आणि त्याच्याकडून चांगले काम हवे असेल तर प्रॉम्प्टही तसाच लांब असावा लागतो. तो लांब कोणी करायचा, या प्रश्नातून पुढचा फरक जन्माला आला.

चॅटजीपीटीमध्ये डॅल-ई 3 ला दिलेला प्रॉम्प्ट सरळ चित्र काढणाऱ्या मॉडेलकडे जात नसे. आधी भाषा-मॉडेल तो पुन्हा लिहीत असे, त्यात तपशील घालत असे, आणि हे फुगवलेले वाक्य पुढे जात असे. प्रोग्राम लिहून डॅल-ई 3 वापरणाऱ्यांना उत्तरात `revised_prompt` या नावाखाली बदललेले वाक्य वाचायला मिळे. आपल्या सोळा शब्दांच्या वाक्यात अशा वेळी बाईचे वय, चेहऱ्यावरचे हसू, धुक्यातला कोवळा प्रकाश, दगडी फरसबंदीची गल्ली, टोपल्यांतली फुले असे पाच-सहा तपशील भरले जाऊ शकतात. हे तपशील मागितलेले नसतात, पण चित्रात ते मागितल्यासारखे ठळक येतात. फुगवलेले वाक्य दर वेळी नव्याने लिहिले जाते, म्हणून तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी मॉडेलपुढे तेच वाक्य येईल याची खात्री नसते. अशा सेवेची तुलना स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनशी करणारा माणूस दोन मॉडेलांची तुलना करतो आहे असे समजतो. खरे तर तो दोन वेगळ्या प्रॉम्प्टांची तुलना करत असतो. नवख्यांच्या गैरसमजांत हा सर्वांत मोठा म्हणावा लागेल, कारण बाकीचे फरक निदान चित्रात दिसतात, हा दिसत नाही.

प्रॉम्प्टमध्ये हात घालण्यामागे कधी धोरणही असते. जुलै 2022 मध्ये ओपनएआयने जाहीर केले की प्रॉम्प्टमध्ये वंश किंवा लिंग सांगितलेले नसेल तेव्हा डॅल-ई 2 ची माणसांची चित्रे जगातल्या वैविध्याशी अधिक जुळावीत यासाठी नवी पद्धत लावली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये गूगलने जेमिनीमधील माणसांची चित्रे काढण्याची सोय काही काळ थांबवली. वैविध्य दाखवण्यासाठी केलेली जुळणी, जिथे ते दाखवणे उघडच चुकीचे होते अशा ऐतिहासिक विषयांतही लागू झाली, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. हयात चित्रकाराच्या शैलीत चित्र मागितले तर डॅल-ई 3 नकार देईल अशी तजवीज ओपनएआयने केली होती, तर स्वतःच्या संगणकावरच्या मॉडेलला असे कोणी अडवत नाही. या बाबतींत चित्रांतला फरक मॉडेलच्या क्षमतेचा नसतो, ते चालवणाऱ्या कंपनीच्या निर्णयाचा असतो.

नावांच्या बाबतीत एक घटना उद्बोधक आहे. 2022 मध्ये ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव प्रॉम्प्टच्या शेवटी जोडायची लाटच आली होती. ते जोडले की स्टेबल डिफ्यूजनच्या चित्रात काल्पनिक युद्धकथांच्या मुखपृष्ठासारखा नाट्यमय प्रकाश येई. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टेबल डिफ्यूजन 2.0 आले आणि तेच नाव जवळजवळ निष्प्रभ झाले. अनेकांनी समजूत करून घेतली की त्यांची चित्रे शिक्षणातून मुद्दाम वगळली. कंपनीचे म्हणणे वेगळे होते. या आवृत्तीत ओपनएआयच्या क्लिपऐवजी लायनच्या चित्रांवर शिकलेले ओपनक्लिप हे एन्कोडर बसवले होते, आणि जुन्या एन्कोडरला त्या नावाची जी जवळीक होती ती नव्याला नव्हती. नाव तेच, घराणे तेच, मध्ये फक्त तीन महिने, तरीही चित्र बदलले. वाचणारा भाग बदलला की शब्दाची किंमत बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड आहे.

एवढे झाल्यावरही न सांगितलेल्या गोष्टी उरतात, आणि तिथे जनरेटरची आवड बोलते. स्टेबल डिफ्यूजनच्या शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात ‘सुंदर’ ठरवलेली चित्रे वेगळी काढून वापरली होती. सौंदर्याला गुण देणारे एक छोटे मॉडेल तयार करून, पाचाहून अधिक गुण मिळालेली चित्रे निवडली गेली. माणसांनी दिलेल्या गुणांवरून हे मॉडेल शिकले असल्यामुळे त्या माणसांची आवड त्यात उतरली. मिडजर्नीने ही आवड अधिक उघडपणे आपली ओळख बनवली. साधा प्रॉम्प्ट दिला तरी तिथून नाट्यमय प्रकाश, खोल सावल्या आणि चित्रपटातल्या चौकटीसारखी मांडणी येते. या आवडीचा जोर कमी-जास्त करण्यासाठी `--stylize` हा पर्याय आहे. तो 0 ते 1000 पर्यंत जातो आणि काही न लिहिल्यास 100 धरला जातो. म्हणजे वापरणाऱ्याने शैलीबद्दल चकार शब्द काढला नाही तरी शैली लागतेच. `--style raw` लिहिले तर हा हात बराच आखडता घेतला जातो. आपल्या प्रॉम्प्टमधली ‘पहाट’ एका ठिकाणी सोनेरी उन्हाची तिरीप होऊन येते आणि दुसरीकडे फिकट, करड्या उजेडाची, त्याचे कारण बहुधा इथे सापडते.

‘नको’ म्हणण्याची पद्धतही सर्वत्र एक नाही. चित्रांखालच्या मजकुरात चित्रात काय नाही हे कोणी लिहीत नसल्यामुळे, प्रॉम्प्टमध्ये `no people` लिहिले की क्लिपवर चालणारी मॉडेले ‘माणसे’ हा शब्द धरतात आणि गर्दी काढून देतात. त्यासाठी स्टेबल डिफ्यूजनच्या सॉफ्टवेअरमध्ये नको असलेल्या गोष्टींची वेगळी चौकट असते आणि मिडजर्नीत `--no` असते. एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी स्टेबल डिफ्यूजनमध्ये `(green sari:1.3)` असे लिहितात. तीच कंसातली खूण दुसऱ्या जनरेटरमध्ये नुसता कचरा ठरते. एका ठिकाणचा तयार प्रॉम्प्ट दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा या खुणांमुळे होते.

चित्राचे मापही मधे येते. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या 512 × 512 च्या चौकोनावर शिकल्या. शिकवताना उभी-आडवी चित्रे कडेने कापून चौकोनी केली जात, त्यामुळे डोके चौकटीबाहेर गेलेली माणसे काढण्याची सवय त्यांना लागली. त्यांना दुप्पट रुंद चित्र मागितले तर एका बाईऐवजी शेजारी-शेजारी दोन बाया उगवतात, कारण प्रत्येक अर्धा भाग स्वतःला पूर्ण चित्र समजतो. शिवाय हे मॉडेल मूळ आकारात काम करत नाही. लांबी-रुंदी आठपट आकसलेल्या 64 × 64 च्या आराखड्यात ते खरखर साफ करते आणि शेवटी तो आराखडा फुगवून चित्र बनवते. आठ बाय आठ ठिपक्यांसाठी आराखड्यात फक्त चार आकडे असतात. लांबवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा किंवा झेंडूच्या माळेतली एकेक पाकळी एवढ्यात मावत नाही, म्हणून तिथे चिखल होतो. स्टेबल डिफ्यूजन 3 आणि फ्लक्समध्ये चारऐवजी सोळा आकडे आहेत आणि बारीक तपशिलातला फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. मार्च 2025 पासून चॅटजीपीटीत आलेली चित्रपद्धती तर याहून निराळी आहे. ती चित्र एकाच वेळी साफ करत नेत नाही, भाषा-मॉडेल जसे शब्दामागून शब्द लिहिते तशी ती चित्राचे तुकडे क्रमाने रचते. पाटीवरची अक्षरे तिला अधिक बरी जमतात.

आता राहिला तो निव्वळ योगायोग. सुरुवातीची खरखर एका आकड्यावरून तयार होते, त्याला सीड म्हणतात. जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये त्या खरखरीत 4 × 64 × 64 म्हणजे 16,384 आकडे असतात, एसडीएक्सएलमध्ये 1024 मापाच्या चित्रासाठी 65,536. दोन्हीकडे सीड 42 लिहिला तरी खरखर एक होत नाही, आणि एक झाली असती तरी ती वाचणारे मॉडेल वेगळेच राहिले असते. म्हणून एका जनरेटरमधला सीड दुसऱ्यात नेऊन काही साधत नाही. त्याच मॉडेलमध्ये मात्र सीड बदलला की बाई उजवीकडून डावीकडे जाते, सायकल अर्धी कापली जाते, टोपली येते किंवा जाते.

यावरूनच तुलना कशी करावी हे ठरते. दोन जनरेटरांचे एकेक चित्र शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण त्यांतला किती भाग योगायोगाचा आणि किती सवयीचा हे त्यात मिसळलेले असते. प्रत्येक जनरेटरमध्ये तोच प्रॉम्प्ट देऊन आधी आठ-दहा चित्रे घ्यावी लागतात. त्या आठ-दहांत जे बदलत राहते, म्हणजे सायकलीची बाजू, बाईचा हात, मागची खिडकी, ते सीडचे देणे. जे सगळ्यांत तसेच राहते, म्हणजे प्रकाशाचा रंग, चेहऱ्याची ठेवण, पाचवारी साडी, ती त्या जनरेटरची सवय. तुलना करायची ती सवयींची.

सवय सापडली की तिचे मूळ शोधायला दोन साध्या चाचण्या पुरतात. पहिली रंगांच्या अदलाबदलीची. साडी लाल, झेंडू पिवळा आणि सायकल हिरवी अशी मागणी करून पुन्हा आठ-दहा चित्रे घेतली आणि रंग आपापल्या वस्तूंवर गेले, तर वाक्य नीट वाचले जाते आहे. ते पुन्हा सांडले तर दोष एन्कोडरचा आहे आणि प्रॉम्प्ट घासूनपुसून फारसा उपयोग होणार नाही. दुसरी चाचणी एकट्या शब्दाची. फक्त `nauvari sari` एवढेच दिले आणि तरीही सगळ्या चित्रांत पाचवारीच आली, तर शब्द मॉडेलच्या ओळखीचा नाही. अशा वेळी नाव सोडून डोळ्यांना दिसते ते लिहिणे फलदायी ठरते:

```
a nine-yard sari wrapped around each leg like loose trousers, the end tucked in at the back of the waist
```

कासोट्याचे नाव ठाऊक नसलेले मॉडेलही दोन पायांभोवती वेगवेगळे गुंडाळलेले आणि मागे खोचलेले कापड काढू शकते, कारण ‘गुंडाळलेले’, ‘खोचलेले’, ‘पायांभोवती’ हे शब्द त्याने हजारो चित्रांखाली पाहिलेले असतात. टी-फाइव्हवर चालणाऱ्या मॉडेलांत असे वर्णन अधिक नेमके उतरते, क्लिपवर चालणाऱ्यांत ते धोतराकडे झुकते. ज्या सेवेत प्रॉम्प्ट आतून पुन्हा लिहिला जातो तिथे या चाचण्यांचा निकाल धूसर येतो. तिथे बदललेले वाक्य पाहण्याची सोय असेल तर आधी ते पाहावे, आणि तुलना करायचीच असेल तर तेच लांब वाक्य उचलून दुसऱ्या जनरेटरलाही द्यावे. तेव्हा कुठे दोघांपुढे एक वाक्य आले असे म्हणता येते.

जनरेटर, मॉडेल आणि सीड हे सगळे तेच असूनही चित्र बदलल्याच्या तक्रारी येतात, त्याही खऱ्या असतात. स्टेबल डिफ्यूजन चालवणारी दोन लोकप्रिय सॉफ्टवेअर, ऑटोमॅटिक1111 आणि कम्फीयूआय, यांत सुरुवातीची खरखर वेगळ्या जागी तयार होते. पहिले काही न बदलल्यास ती ग्राफिक्स कार्डवर तयार करते, दुसरे मुख्य प्रोसेसरवर. त्यामुळे तोच सीड दोन्हीकडे वेगळे चित्र देतो. कंसातल्या जोराचा हिशेबही दोघांचा एक नाही. इंटरनेटवरच्या सेवांत तर मॉडेलची आवृत्तीच वेळोवेळी बदलते. मिडजर्नीत `--v` लिहून जुनी आवृत्ती मागता येते, पण सगळ्याच सेवा अशी सोय देत नाहीत, आणि जिथे ती नाही तिथे आज मिळालेले चित्र वर्षभराने त्याच प्रॉम्प्टने मिळेलच असे नाही.

चित्र पुन्हा काढायची वेळ येऊ शकते असे वाटत असेल तर प्रॉम्प्टसोबत बाकीच्या नोंदीही जपाव्या लागतात. ऑटोमॅटिक1111 त्या आपणहून पीएनजी फाइलच्या पोटात लिहून ठेवते. त्या साधारण अशा दिसतात:

```
Steps: 25, Sampler: Euler a, CFG scale: 7, Seed: 1204, Size: 512x512, Model: v1-5-pruned-emaonly
```

यांतले `CFG scale` म्हणजे प्रॉम्प्टला किती घट्ट धरून राहायचे याचे माप, आणि `Sampler` म्हणजे खरखर काढण्याची पद्धत. `Euler a` ही पद्धत प्रत्येक पायरीवर थोडी नवी खरखर मिसळते, म्हणून पायऱ्या 25 च्या 30 केल्या तरी चित्राची मांडणी हलते. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते आणि या नोंदी पुसल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर त्या फाइलसोबत शाबूत पोहोचतात.